माझा शब्द, माझं पान: पहिलीच्या चित्रकोशाच्या नोंदी

24 जून

आज वर्गात चित्रकोश सुरू केला. ऐरोलीतली आमची मराठी शाळा, पहिलीचा वर्ग, 32 मुलं. काही दिवा कोळीवाड्यातली, घरी आगरी-कोळी बोलणारी. सात-आठ जणांच्या घरी हिंदी किंवा भोजपुरी, तिघांच्या घरी कन्नड. बाकीच्यांच्या घरी मराठी, पण सातारची वेगळी आणि जळगावची वेगळी. त्यामुळे सगळ्यांना एकच शब्दयादी देऊन उपयोग नाही. एकाला जो शब्द नवा, तो दुसऱ्याच्या जिभेवर रोज असतो. म्हणून प्रत्येकाचा कोश वेगळा ठेवायचा. मुलाला आठवड्यात जे शब्द नवे भेटतील त्यांतले तीन त्याने निवडायचे, चित्र काढायचं, खाली शब्द लिहायचा.

शंभर पानी वह्या घेतल्या. प्रत्येक अक्षराला दोन पानं सोडली आणि वरच्या कोपऱ्यात अक्षर लिहून दिलं. पालकांच्या मदतीने शनिवारची दुपार त्यातच गेली.

11 जुलै

वही चालणार नाही, हे तिसऱ्याच आठवड्यात कळलं. एका पानावर दोन चित्रं बसतात, म्हणजे एका अक्षराला चार शब्द. कोळीवाड्यातल्या एका मुलाचे ‘क’चे चार संपले: कोलंबी, कालवं, कुंपण, कुलूप. पाचवा शब्द ‘कासव’ त्याने ‘ख’च्या पानावर काढला, कारण शेजारी तेच रिकामं होतं. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. तिकडे ठ, ढ, थ ही पानं सगळ्यांचीच कोरी. ङ आणि ञ यांच्यासाठी मी पानं सोडली ही तर माझी सरळ चूक. या अक्षरांनी मराठीत शब्द सुरूच होत नाही.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. मी सहज म्हटलं, “परवा तू कुलूप काढलं होतंस ना, दाखव बरं.” त्याने वही पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली. सहा वर्षांच्या मुलाला ‘क’ कुठे असेल याचा अंदाज नसतो. आम्ही अक्षरं गटागटाने शिकवतो, वर्णमालेच्या क्रमाने नाही. जुलैत त्यांना क्रम ठाऊकच नसतो. म्हणजे शब्द वहीत गेला की हरवला. चित्र काढण्यापुरता तो त्याचा होता, नंतर नाही. कोश म्हणायचा तर शब्द परत सापडला पाहिजे.

15 जुलै

वह्या बाजूला ठेवल्या. ए-फोर कागद मधोमध कापून सुटी पानं केली. डाव्या बाजूला पंचिंग मशीनने दोन भोकं. जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापून मागे-पुढे लावले आणि सगळं बुटाच्या लेसने ओवून फुलगाठ मारली. सुतळी करून पाहिली होती, पण ती मुलांना सोडता येत नाही आणि पावसात भिजली की गाठ आणखी घट्ट बसते. लेस सुटते, नवं पान हवं तिथे घालता येतं, पुन्हा बांधता येते. लेस बांधायला बहुतेकांना पंधरा दिवस लागतील असं दिसतंय. लागोत.

आता क्रमाचं. 32 मुलांच्या कोशात प्रत्येक अक्षराला वेगळा विभाजक घालणं शक्य नाही आणि त्याने मूल गोंधळेल तेही वेगळंच. म्हणून सात रंगांचे सात विभाजक केले. स्वर पांढरे, क-वर्ग लाल, च-वर्ग पिवळा, ट-वर्ग हिरवा, त-वर्ग निळा, प-वर्ग जांभळा आणि ‘य’पासून पुढची सगळी अक्षरं खाकी. विभाजकावर त्या गटातली अक्षरं ठळक लिहिली: च छ ज झ. पानाच्या उजव्या कोपऱ्यात शब्दाचं पहिलं अक्षर, आणि त्याखाली गटाच्या रंगाची बोटभर रेघ. भिंतीवर हीच सात रंगांची लांब पट्टी चिकटवली.

शोध दोन पायऱ्यांत होतो. आधी भिंतीवर अक्षर कुठल्या रंगात आहे ते पाहायचं, मग कोशात तो रंग उघडून आठ-दहा पानं चाळायची. वर्णमाला पाठ असण्याची गरज राहत नाही.

तीनवरून आठवड्याला दोन शब्दांवर आले. तीन शब्द म्हणजे आठवड्याला 96 पानं. प्रत्येक मुलाशी त्याच्या पानाबद्दल बोलायचं तर तेवढा वेळ माझ्याजवळ नाही, आणि न बोलता नुसती बरोबरची खूण करण्यात अर्थ नाही.

22 जुलै

आज वर्गात बराच वेळ एका प्रश्नावर गेला: एकाच अक्षरातले शब्द कसे लावायचे? मोठ्या शब्दकोशात बाराखडीचा क्रम असतो. काकडी, किल्ली, कुत्रा, केळे. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, तसंच लावा, आपोआप बाराखडी पक्की होईल. मला पटलं नाही. त्याचं कारण नीट लिहून ठेवते, कारण पुन्हा कोणी तरी हाच प्रश्न विचारणार.

मूल शब्द शोधायला येतं ते मूळ रूप घेऊन येत नाही. गोष्टीत त्याला ‘पाण्यात’ दिसतं, ‘घोड्याला’ दिसतं, ‘शाळेत’ दिसतं, ‘फुलांचा’ दिसतं. कोशात असतात पाणी, घोडा, शाळा, फूल. प्रत्यय लागताना मराठी शब्द शेवटाकडे बदलतो. कधी आतला स्वरही बदलतो: फूल होतं, फुलाला झालं, दीर्घाचा ऱ्हस्व झाला. पण पहिलं व्यंजन तसंच राहतं. बाराखडीने लावलं तर ‘फुलांचा’ घेऊन आलेलं मूल ‘फु’ शोधणार, आणि ‘फूल’ त्याला पुढे कुठे तरी असणार. नुसत्या पहिल्या व्यंजनाने लावलं तर ‘फ’ची पाच-सहा पानं, त्यांतच ते असतं. चित्र दिसलं की मूल स्वतःच म्हणतं, हे तेच. म्हणून कान्यामात्रेकडे न बघता पहिलं अक्षर, आणि अक्षराच्या आत शब्द ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. दुसरीत या मुलांची पानं वाढतील तेव्हा बाराखडीचा क्रम लावता येईल. सुटी पानं आहेत, फक्त लेस सोडायची.

याच हिशेबाने स्वरांतही इ-ई एकत्र, उ-ऊ एकत्र. अंडं ‘अ’मध्ये.

1 ऑगस्ट

‘खाली’चं पान. शब्द पुस्तकातल्या सूचनेतून आला होता: चित्राखाली नाव लिहा. तीन मुलांनी तो निवडला. एकीने टेबल काढलं आणि टेबलाखाली मांजर. दुसऱ्याने जिना आणि जिन्याच्या तळाशी स्वतःला. तिसऱ्याने एक पेला काढला, नुसता पेला, काहीही न भरलेला. तो फार नीट काढला होता, कडेला लकेरही होती.

मी विचारलं, “यात खाली कुठे आहे रे?” तो म्हणाला, “बाई, पूरा खाली है ना.” त्याच्या घरी हिंदी. हिंदीत खाली म्हणजे रिकामा. म्हणजे गेले दीड महिने मी “दप्तर खाली ठेव” म्हणत होते तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, हा विचार करून मला वाईट वाटलं. दप्तर रिकामं कर, असंच ना? सूचना ऐकून तो थबकायचा, आणि मी समजत होते की त्याचं लक्ष नाही.

ते पान फाडलं नाही. पेल्याखाली ‘रिकामा’ असं लिहिलं आणि ते पान खाकी गटात ‘र’मध्ये गेलं. ‘खाली’साठी नवीन पान घेऊन त्याने पंख्याखाली बसलेला माणूस काढला. शब्द माहीत आहे असं मूल म्हणालं तरी चित्र काढू द्यायचं, हे यातून ठरलं. तोंडी विचारलं असतं तर त्याने मान हलवली असती आणि मी पुढे गेले असते.

8 ऑगस्ट

बोट ठेवून चित्र झाकलं आणि शब्द वाचायला सांगितला. एका मुलीने ‘इमारत’ला ‘घर’ वाचलं. दुसऱ्याने ‘होडी’ला ‘नाव’. दोघंही हुशार आहेत, पण शब्द वाचतच नव्हते. ते आठवणीतलं चित्र वाचत होते. अक्षरांकडे नजर गेलीच नव्हती. आणखी काही मुलांना विचारलं, बऱ्याच जणांचं तेच.

चित्र आणि शब्द शेजारी असले की असं होणारच. चित्राचा ओढा अक्षरापेक्षा जास्त असतो. उपाय म्हणून आजपासून शब्द पानाच्या समोरच्या बाजूला, चित्र मागच्या बाजूला. मूल आधी शब्द वाचायचा प्रयत्न करतं, मग पान उलटून स्वतःच ताडून बघतं. मला विचारावं लागत नाही.

यात एक अडचण निघाली. स्केचपेनची शाई पातळ कागदातून पाठीमागे उमटते आणि चित्र शब्दाच्या बाजूने दिसतं. पावसाळी दमट हवेत तर जास्तच. स्केचपेन बंद केली, रंगीत पेन्सिली आणि मेणाचे खडू ठेवले. मेणाचा खडू समोरच्या पानाला डाग लावतो, पण शब्द फोडत नाही.

20 ऑगस्ट

नारळी पौर्णिमेचे शब्द वाड्यातल्या मुलांनी आणले. होडीला रंग दिल्याचं, नारळ सोडल्याचं सांगत होते. एक मुलगी ‘चिंबोरी’ घेऊन आली. चित्र इतकं बारीक होतं की मी ते बराच वेळ हातात धरून बसले. नांग्यांपैकी एक मोठी, एक लहान, आणि पाय मोजून आठ. मी म्हटलं, “पुस्तकात याला खेकडा म्हणतात.” ती म्हणाली, “आमच्याकडं चिंबोरीच. खेकडा आजीला नाय म्हायती.”

पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ‘खेकडा’ लिहावं आणि कंसात चिंबोरी. मग वाटलं, कोश कोणाचा? चित्र तिचं, शब्द तिचा. म्हणून चिंबोरी पिवळ्या गटात ‘च’मध्ये राहिली, मागे चित्रासकट. ‘खेकडा’साठी लाल गटात वेगळं पान केलं, त्याच्यामागे चित्र काढलं नाही. फक्त बाण काढला, बाणाच्या टोकाला पिवळा ठिपका आणि ‘चिंबोरी’ हा शब्द. पुस्तकात खेकडा भेटला की ती लाल गटात जाईल, बाण बघेल, पिवळ्यात येईल आणि तिला तिची चिंबोरी सापडेल. मोठ्या कोशात ‘पाहा’ म्हणून जे लिहिलेलं असतं, तेच हे.

बाणाचं पान वर्गाला फारच आवडलं. दुसऱ्या दिवशी सातारच्या घरातल्या मुलाने ‘टोमॅटो’चं पान आणलं, त्यावर बाण आणि ‘तंबाटं’.

3 सप्टेंबर

आज एका मुलाने दोन पानं हातात घेऊन विचारलं, “चमचा आणि चिमणी एकाच ठिकाणी का? आवाज एक नाही.” बरोबर आहे त्याचं. मराठीत ‘च’ एक लिहितो आणि दोन म्हणतो. चमचा, चाक, चूल यांत जीभ दातांना लागते. चिमणी, चहा, चेंडू यांत ती वर टाळूकडे जाते. ज आणि झ यांचंही तसंच. मोठ्या माणसांना हे सांगावं लागतं, त्याने आपण होऊन ऐकलं. कन्नड घरातला मुलगा आहे. आपली मुलं हा फरक लहानपणापासून करतात, म्हणून त्यांना तो ऐकू येत नाही.

‘च’ची पानं एकत्रच ठेवली, कारण शोध अक्षराने घ्यायचा आहे. पण दातांच्या ‘च’साठी कोपऱ्यातल्या अक्षराखाली एक ठिपका द्यायचं ठरलं. सगळ्या मुलांनी मिळून ‘च’ची पानं मोठ्याने म्हणत वाटून घेतली. ‘चंद्र’वर थोडा वाद झाला, आरशात तोंड पाहून मिटला.

19 सप्टेंबर

‘ळ’चं काय, हा प्रश्न मुलांकडूनच आला. खाकी विभाजकावर ‘ळ’ लिहिलेला, पण एकाही पानाच्या कोपऱ्यात तो नाही. त्याने मराठी शब्द सुरू होत नाही. ‘ण’चंही तेच. पण हिंदी घरातली मुलं सगळ्यांत जास्त चुकतात ती ‘ळ’वरच. केळं म्हणायचं तिथे केला.

म्हणून कोशाच्या शेवटी एक वेगळा भाग केला, ‘पोटातली अक्षरं’. तिथे ‘ळ’चं एकच मोठं पान. आपल्याच कोशातला ‘ळ’ असलेला कुठलाही शब्द सापडला की तो तिथे पुन्हा लिहायचा, चित्राविना: शाळा, डोळा, नारळ, केळं, फळा, जाळं. ‘ण’चं तसंच पान: पाणी, लोणी, कणीस, कुंपण. शब्दकोशाच्या नियमात हे बसत नाही, पण पहिलीच्या मुलाला गरज आहे तिथे नियम वाकवला. पानं भरायला मुलं आपला सगळा कोश पुन्हा चाळतात, हा फायदा ठरवून केलेला नव्हता.

7 ऑक्टोबर

क्रियेचे शब्द काढणं अवघड जातं. ‘ढकलणे’ला एकाने दोन माणसं आणि मधे जाड बाण काढला, ते समजलं. ‘उशीर’ हा शब्द तर वस्तूही नाही, क्रियाही नाही. एका मुलीने शाळेचं बंद फाटक काढलं, बाहेर दप्तर पाठीवर घेतलेलं मूल, आणि पायांच्या मागे पाण्याचे शिंतोडे. मला त्याहून चांगलं काढता आलं नसतं.

28 नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिला शोध घेतला. मी शब्द सांगायचा, मुलाने पान काढायचं, मी मनात वीसपर्यंत मोजायचं. सुट्टीत कोश शाळेतच होते, म्हणजे महिनाभर हात लागलेला नाही. तरी बहुतेकांना दहाच्या आत सापडलं. भिंतीवरच्या पट्टीकडे आता निम्मी मुलंसुद्धा बघत नाहीत.

ज्यांना सापडलं नाही त्यांची पानं मी स्वतः काढून पाहिली. बहुतेकांचं कारण एकच निघालं, पान चुकीच्या जागी लागलं होतं. घ आणि ध लिहिण्यात सारखे दिसतात, म्हणून ‘धूर’ लाल गटात ‘घ’मध्ये. ही चूक पकडणं सोपं आहे. कोपऱ्यातली रेघ निळी, आजूबाजूला सगळ्या लाल. कोश बंद असताना कडेनेसुद्धा दिसतं. मुलांना कडा बघायला शिकवलं, त्यांनी पाच मिनिटांत एकमेकांच्या चुका काढल्या.

भ आणि म यांचं मात्र तसं होत नाही. दोन्ही जांभळ्या गटातलेच. ‘भाकरी’ ‘म’मध्ये लागली तर रंग काहीच सांगत नाही. तशी चार कोशांत निघाली. रंगाची युक्ती गटापर्यंतच पोहोचते, गटाच्या आत तिचा उपयोग नाही.

11 डिसेंबर

खाडीत रोहित पक्षी आले. ऐरोलीच्या पुलावरून जाताना काही मुलांनी बघितले. आज सात जणांनी तोच शब्द निवडला. वाड्यातल्या मुलांनी ‘फ्लेमिंगो’ म्हटलं, कारण बोटीवर येणारे लोक तसं म्हणतात. मी ‘रोहित’ सांगितलं, तर वर्गातला त्याच नावाचा मुलगा उभाच राहिला.

चिंबोरीवाल्या मुलीने काय केलं ते लिहायचं आहे. तिने ‘फ्लेमिंगो’चं पान जांभळ्यात ठेवलं, मागे चित्र. मी काही सांगायच्या आत खाकी गटात ‘रोहित’चं पान घातलं, बाण काढला, टोकाला जांभळा ठिपका दिला. मग थोडा वेळ थांबून जांभळ्या पानावरही उलटा बाण काढला, ‘रोहित’कडे. “तिकडून पण यायला पायजे,” म्हणाली. माझ्या खेकड्याच्या पानावर हा परतीचा बाण नव्हता. उद्या तो सगळ्यांच्या कोशात घालायचा आहे. आणि भ-म साठी जांभळ्या गटात मधे एक कोरं पिवळं पान घालून बघते, म्हणजे ‘म’ पलीकडे आणि बाकी चार अक्षरं अलीकडे.